डब्यावरचे दोन बारकोड

आमच्या शेजारच्या काकू गोडा मसाला करून कुरिअरने गावोगाव पाठवतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं एक पार्सल पिंपळगाव बसवंतला निघालं आणि बारा दिवसांनी फिरून त्यांच्याच दारात आलं. काकूंचा सगळा राग कुरिअरवर. मी खोकं उलटंपालटं करून पाहिलं, तर निम्मी गोष्ट खोक्यावरच दिसत होती.

खोकं जुनं होतं. काकूंकडे कधीतरी आलेल्या मिक्सरचं. वरच्या बाजूला त्यांचं नवं लेबल, पण बाजूला जुन्या पार्सलचा बारकोड तसाच. बारकोडच्या पट्ट्यांत साधारणपणे पत्ता नसतोच, असतो फक्त पार्सलचा नंबर. स्कॅनर तो नंबर वाचतो आणि माल कुठे न्यायचा ते कॉम्प्युटर सांगतो. घाईच्या वेळी स्कॅनरसमोर जी बाजू येईल तीच वाचली जाते. काकूंच्या खोक्याचा जुना नंबर वाचला गेला असेल, तर कॉम्प्युटरच्या लेखी ते पार्सल कधीच पोचतं झालेलं! जुनं लेबल खरवडून काढावं. निघत नसेल तर पट्ट्यांवर जाड काळ्या मार्करने आडवंतिडवं गिरवावं.

मग नवा बारकोड का नाही वाचला? तो दिसायला स्वच्छ होता. मोबाइलच्या स्कॅनरने मी तीनदा प्रयत्न केला, एकदाही लागला नाही. कुरिअरने दिलेली फाइल चार बाय सहा इंची लेबलची होती. काकूंच्या भाच्याने तिचा स्क्रीनशॉट घेतला, लहान केला आणि लेबल प्रिंटरवर छापला.

घोटाळा इथे झाला. साध्या लेबल प्रिंटरचा छपाईचा दाणा ठरलेला असतो, एका मिलिमीटरला आठ ठिपके. समजा, बारकोडची सर्वांत बारीक पट्टी तीन ठिपक्यांची आहे. चित्र नव्वद टक्के केलं की ती २.७ ठिपक्यांची व्हायला हवी. पण पाऊण ठिपका काही छापता येत नाही. मग प्रिंटर एक पट्टी तीन ठिपक्यांची छापतो, शेजारची दोनच. आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही. स्कॅनर मात्र जाड-बारीक पट्ट्यांच्या प्रमाणावरच नंबर ओळखतो, ते प्रमाण बिघडलं की तो गप्प बसतो. म्हणून स्क्रीनशॉट नको, मूळ पीडीएफच छापावी. प्रिंटच्या खिडकीत Fit ऐवजी Actual size निवडावं आणि कागदाचं मापही लेबलचंच ठेवावं. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना कोरी जागा लागते, तिथे शिक्का किंवा ‘काच सामान’ची चिठ्ठी येऊ देऊ नये.

लेबल खोक्याच्या सपाट बाजूवर लावावं. कडेवरून दुमडलं तर काही पट्ट्या एका बाजूला, काही दुसऱ्या बाजूला जातात. बारकोडवरून चकचकीत टेप मारू नये, स्कॅनरचा उजेड तिच्यावरून परततो. या प्रिंटरचा कागद उष्णतेने काळा होतो, त्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत तो करपून सगळाच काळवंडू शकतो.

बारकोड लागलाच नाही, तर माणूस खालचा नंबर हाताने टाइप करतो. स्पीड पोस्टच्या नंबरात दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN असतं. त्यातला नववा आकडा आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर कॉम्प्युटर बहुतेक वेळा तिथेच अडवतो. पिन कोडमध्ये असा पहारेकरी नाही. बसवंतचा पिन ४२२२०९. पहिले तीन आकडे नाशिककडे नेतात. तिसऱ्या आकड्याच्या जागी चार पडला, तर तेच पार्सल ४२४ च्या वाटेने जळगावकडे निघेल. आणि तिकडेही पिंपळगाव आहेच, हरेश्वरचं! काकूंनी पत्त्यात नुसतं ‘पिंपळगाव’ लिहिलं होतं. तालुका, जिल्हा, काहीच नाही.

राहिला फोन. लेबलवर तो होता, पण अगदी बारीक टायपात, पत्त्याच्या शेपटाला. पार्सल आणणारा मुलगा एका हाताने गाडी सावरत तो वाचणार. नंबर निराळ्या ओळीत, ठळक, पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुकिंगच्या वेळी कॉम्प्युटरमध्ये भरलेला नंबर. मेसेज आणि ओटीपी त्याच्यावर जातात, लेबलवरच्या नंबरावर नाही. काकूंनी पावती शोधून काढली. घेणाऱ्याच्या नंबराच्या जागी त्यांचाच नंबर होता, आणि गेले बारा दिवस फोनवर येणारे ओटीपी त्या फसवणुकीचे समजून पुसून टाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी नव्या खोक्यात मसाला भरला. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाकली, बाहेरचं लेबल निघालं तर उपयोगी पडावी म्हणून. टेप मारण्याआधी काकूंनी स्वतःच्या मोबाइलने बारकोड स्कॅन केला आणि पडद्यावरचा नंबर पावतीशी आकडा-आकडा ताडून पाहिला.