पुठ्ठ्याची फोड कुठे तोलते?

पुठ्ठ्यातून 12 सेंमी त्रिज्येची, 60 अंशांची फोड कापली, तर ती सुईवर नेमकी कुठे तोलेल? मधल्या रेषेवर, हे उघड आहे. पण टोकापासून किती दूर?

फोडीच्या टोकापासून कडेपर्यंत अतिबारीक चिरा कल्पाव्यात. प्रत्येक चीर जवळजवळ त्रिकोणच, म्हणून तिचा गुरुत्वमध्य दोन-तृतीयांशावर, 8 सेंमीवर. कडेच्या चिरा मात्र तिरक्या. मधल्या रेषेवर त्यांचे अंतर 8 cos θ एवढेच भरते. याची −α ते α संकलनाने सरासरी काढली की सूत्र हाती येते:

x̄ = 2R sin α / 3α

इथे अर्धकोन α 30 अंशांचा, म्हणजे 0.5236 रेडियन. उत्तर 7.64 सेंमी, आठाच्या किंचित अलीकडे, अपेक्षेप्रमाणेच.

छेदात थेट 30 घातले, तर उत्तर 0.13 सेंमी येते, म्हणजे फोड जणू टोकावरच तोलते. पुठ्ठा सुईवर ठेवताच चूक कळते.