सोलरची बचत: अ‍ॅपचा आकडा थेट गुणू नका

समजा, इन्व्हर्टर अ‍ॅपच्या स्क्रीनशॉटमध्ये महिन्याची निर्मिती ३६० युनिट दिसतेय. तिला थेट दराने गुणलंत तर फसाल. नेट मीटरिंगच्या बिलात आयात २१० आणि निर्यात २५० आहे, म्हणजे घराचा खरा वापर ३६० − २५० + २१० = ३२० युनिट. सोलर नसतं तर या ३२० युनिटचं बिल आलं असतं. ते स्लॅबनुसार काढून त्यातून हातातलं बिल वजा करा. ती खरी बचत. जादा ४० युनिट पुढच्या बिलात वळते होतात, आत्ता धरलेत तर दोनदा मोजाल.

स्क्रीनशॉट मात्र मीटर रीडिंगच्या तारखांचेच हवेत. पावसाळ्यात निर्मिती घटते, म्हणून एका महिन्याला बारानं गुणू नका, बारा बिलं घ्या. वर्षाची बचत ३६,००० आणि अनुदान वजा जाता खर्च १,२०,००० असेल, तर परतफेड सुमारे ३ वर्षं ४ महिन्यांत.