बोलण्याची वाटणी

परिसंवाद पंचाहत्तर मिनिटांचा आणि वक्ते चार, म्हणजे प्रत्येकाला एकोणीस मिनिटं, असं वाटतं. पण श्रोत्यांच्या प्रश्नांना 20, ओळखींना 3 आणि सूत्रसंचालकाच्या बोलण्याला 8 मिनिटं गेली की 44 उरतात. म्हणजे प्रत्येकी अकराच! हा हिशेब वक्त्यांना आधीच फोनवर सांगावा.

ओळख करून देताना पुरस्कारांची यादी वाचू नये. ‘यांनी तीस वर्षं कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती केली आहे,’ एवढ्यानं पाणीवाटपावर त्यांचं का ऐकायचं, ते श्रोत्यांना कळतं.

खरी कसोटी माईक न सोडणाऱ्या वक्त्याची. त्यांना मी माझ्या शेजारीच बसवतो; दूरच्या खुर्चीवरून माझी नजर त्यांना दिसत नाही. ‘मी पुढे झुकलो की वाक्य पूर्ण करा,’ हेही आधीच ठरवतो. कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे मिनिटाला एक रेघ ओढतो. एकदा पाणीवाटपाच्या चर्चेत एका निवृत्त अभियंत्यांपुढे नऊ रेघा झाल्या होत्या आणि शेतकरी ताईंपुढे दोनच. मी झुकलो, तरी ते थांबेनात. मग ते श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात म्हणालो, “सर, पाळीपत्रकाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ताई, तुमच्या शेतात पाळीचं पाणी ठरल्या दिवशी पोचतं का?” त्यांचाच मुद्दा पुढे गेल्यानं त्यांना तुटल्यासारखं वाटलं नाही. नुसतं ‘वेळ संपली’ म्हटलं असतं, तर त्यांनी आणखी दोन मिनिटं मागितली असती.

ताई सलग सहा मिनिटं बोलल्या. अभियंते वहीत टिपून घेत होते.