‘पेढे की बर्फी?’ विचारायच्या आधी

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी सकाळी कुणाच्या तरी घरी बाळ झाल्याची बातमी येते. तुम्ही लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभे असता, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने काहीतरी टाइप करता आणि फोन खिशात टाकता. चार सेकंदांचं काम. पण त्या चार सेकंदांत काय गेलं, हे कधी परत जाऊन वाचलंय?

मी वाचलंय. मागच्या उन्हाळ्यात एका ऑफिसात इंटर्नशिप करत होते तेव्हा. ग्रुपवर चाळीसेक माणसं होती. साठीला टेकलेले साहेब, डिझाइनवाली मुलं, अकाउंट्समधल्या मावशी, दोन ड्रायव्हरकाका आणि आम्ही तीन इंटर्न. मराठी, हिंदी, इंग्लिश, सगळी भेळ. आमच्याच टीममधल्या एका दादांचा मेसेज आला, ‘बाळ आलं. थोडं लवकरच. सध्या हॉस्पिटलमध्येच आहोत. नंतर बोलतो.’

मी लिहिलं, ‘वॉव दादा, अभिनंदन!! पेढे की बर्फी? फोटो टाका ना लवकर!’

माझ्या पाठोपाठ धबधबा. ‘पार्टी कधी?’ ‘नॉर्मल की सिझर?’ ‘वजन किती भरलं?’ ‘आता झोपेला रामराम ठोका.’ कुणीतरी निळ्या फुग्यांचं स्टिकर टाकलं, त्यावर हिंदीत मुलगा झाल्याबद्दल बधाई. मुलगा झाला असं दादांनी कुठेच म्हटलं नव्हतं. दुपारी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘बाळ काचेत ठेवलंय. वजन कमी आहे. कळवतो.’

त्यानंतर ग्रुपवर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते.

आता मी पत्रकारितेची विद्यार्थिनी. बातमीत काय आहे याच्याइतकंच काय नाही तेही वाचायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. दादांचा तो मेसेज पुन्हा वाचा. ‘थोडं लवकरच’ आहे. मुलगा की मुलगी, ते नाही. वजन नाही, फोटो नाही, ‘आई-बाळ सुखरूप’ हे आपल्याकडे हमखास येणारं वाक्य नाही. ‘नंतर बोलतो’ मात्र आहे. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळाला डॉक्टर अपुऱ्या दिवसांचं म्हणतात, आणि अशा बाळाला कधी कधी काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. मग आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर आणि बाप जिन्यावर. त्या जिन्यावर उभं राहून दादांनी आमचे मेसेज वाचले असणार.

तेव्हापासून मी एक साधी गोष्ट पाळते. समोरच्याने जेवढं सांगितलंय, तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. त्याने ‘मुलगी झाली’ लिहिलं तर मुलीचं अभिनंदन. फोटो टाकला तर ‘किती गोड!’ म्हणायला कुणाची ना नाही. नुसतं ‘बाळ आलं’ लिहिलं तर आपणही बाळाशीच थांबायचं. प्रश्नचिन्ह असलेलं एकही वाक्य ग्रुपवर टाकायचं नाही, कारण चाळीस जणांसमोर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं अवघड असतं.

इथे आपली मराठी मदतीला धावून येते. हिंदीत ‘बच्चा हुआ’ म्हटलं की क्रियापद पुल्लिंगीच होतं. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे. ‘बाळ आलं’, ‘बाळ कसं आहे’, ‘गोडुलं’, ‘पिल्लू’, कुठेच मुलगा-मुलगी ठरवावं लागत नाही. व्याकरणाच्या तासाला ‘ते बाळ’ घोकताना याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं राव!

पेढे-बर्फीचा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, कुठे जिलेबी, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पण ज्या घरात मुलगी झाल्यावर सासूचा चेहरा पडलेला असतो, तिथे हाच प्रश्न ऑफिसातूनही आलेला बघून त्या आईला काय वाटत असेल? त्याहून वाईट म्हणजे ‘पहिली बेटी, धनाची पेटी’. लिहिणाऱ्याचा हेतू अगदी चांगला असतो, पण ते वाक्य समजूत घालायला निघालेलं असतं. मुलगा झाला तर अशी म्हण कुणी पाठवत नाही ना? मग मुलीलाही नुसतं ‘अभिनंदन’ पुरे. ‘लक्ष्मी आली’ त्यातल्या त्यात बरं, तेही आई-बाबांनी स्वतः लिहिलं असेल तर.

‘कुणावर गेलंय?’ हा प्रश्नही जरा जपूनच. बाळ दत्तक घेतलेलं असू शकतं आणि ते ग्रुपवर सांगायचं की नाही, हे त्या दोघांनी अजून ठरवलेलं नसेल.

मग ग्रुपमधले बाकीचे. अभिनंदनाचा मेसेज आपण एकाला पाठवतो, पण वाचतात सगळे. आमच्या त्याच ग्रुपवर एकाने दुसऱ्या एका ताईला टॅग करून लिहिलं, ‘आता नंबर तुमचा!’ ताईंनी हसणारा इमोजी टाकला. नंतर चहाच्या टपरीवर त्या मला म्हणाल्या, ‘अगं, दीड महिन्यापूर्वी माझं अबॉर्शन झालं. ऑफिसात फक्त मॅडमना माहितीये. हसू नको तर काय करू?’ आपल्याकडे गर्भ आपोआप पडला तरी बोलताना ‘अबॉर्शन’च म्हणतात, त्यामुळे मला कळायलाही क्षणभर लागला. टॅग करणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. म्हणून नंबर कुणाचाच लावायचा नाही.

हाक काय मारायची, हाही खरा घोळ. रोज ज्याला ‘अरे’ म्हणता त्याला ग्रुपवर ‘आपणास पुत्रप्राप्तीबद्दल’ वगैरे लिहिलं तर सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटतं. उलट साहेबांच्या देखत ‘बाप झालास लेका!’ हेही जरा जास्तच. रोज समोरासमोर जे म्हणता तेच ठेवा. दादा असेल तर दादा, मॅडम असतील तर मॅडम. त्यांच्या बायकोला कधी भेटला नसाल तर एकदम ‘वहिनी’ कशाला? ‘घरी सगळ्यांना शुभेच्छा’ यात आई, आजी, सगळे येतात. एकटीने मूल वाढवणारी आईसुद्धा त्यात अडचणीशिवाय बसते. आणि माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक सूचना. आमच्यातल्या एका इंटर्नने साहेबांना नातू झाल्यावर लिहिलं होतं, ‘सर, आपणांस अनेक आशीर्वाद.’ आशीर्वाद बाळाला द्या हो, तुम्ही त्याच्याहून मोठेच आहात. साहेबांना शुभेच्छा.

भाषेचं म्हणाल तर बातमी ज्या भाषेत आली त्या भाषेत एखादा शब्द तरी लिहिता आला तर बघा. कुणी ‘अल्हम्दुलिल्लाह’ लिहून बातमी दिली असेल तर ‘मुबारक हो’ किती छान वाटतं! येत नसेल तर आपलं ‘अभिनंदन’ सगळ्यांना कळतं. बाळकृष्णाचं रांगतं स्टिकर मात्र सरसकट सगळ्यांना नको. बाळ ज्या घरात आलंय, तिथला देव त्यांचा त्यांना ठरवू द्या.

रजेवरचे विनोद तर ग्रुपवर नकोच. ‘चला, सहा महिने आराम!’ असं नव्या आईला लिहिणाऱ्याने एक रात्र तिच्या घरी काढावी. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा पात्र कर्मचारी महिलेचा कायद्याने हक्क आहे. त्यातले आठ आठवड्यांपर्यंत ती बाळंतपणाआधीच घेऊ शकते, म्हणजे बाळ आल्यावर सगळे सहा महिने हातात उरतीलच असंही नाही. बाबांचं वेगळंच. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांना १५ दिवस मिळतात, खासगी कंपन्यांवर कायद्याची तशी सक्ती नाही. त्यामुळे दादांसारखी माणसं आपलीच साठवलेली रजा टाकून बसतात, आणि वर कुणीतरी विचारतं, ‘बाळंतीण तू आहेस का?’ साहेबांनीही ‘कधी जॉइन होताय?’ हे अभिनंदनाच्या धाग्यात विचारू नये. त्यासाठी फोन आहे, आणि तोही आठवड्याने.

मदत करायची असेल तर ती वेगळ्या मेसेजमध्ये, आणि नेमकी. ‘काही लागलं तर सांगा’ला कुणी काही सांगत नाही. ‘शुक्रवारचा रिपोर्ट मी पाठवते, तुम्ही बघू नका’ याला फक्त ‘ओके’ म्हणावं लागतं.

मग ग्रुपवर लिहायचं तरी काय? मी आता साधारण असं लिहिते: ‘खूप खूप अभिनंदन दादा! बाळाला आणि घरी सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. रिप्लायची घाई नाही.’ शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडतं. चाळीस ‘थँक्यू’ टाइप करण्यातून माणूस सुटतो. बातमीत काळजीचा सूर असेल तर अभिनंदन ठेवायचं, ते वगळायचं नाही. बाळ आलंय, त्याचं स्वागत व्हायलाच हवं. फक्त उद्गारचिन्हं कमी करायची: ‘अभिनंदन दादा. बाळाची आणि आईची तब्येत छान राहो. इकडची काळजी करू नका.’

आणि चुकलंच तर? मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत व्हॉट्सॲपवर तो बदलता येतो, नंतर डिलीटही करता येतो. पण डिलीट केल्याची खूण मागे राहते आणि तोवर निम्म्या ग्रुपने वाचलेलं असतं. मी डिलीट केला नाही. दादांना वेगळा मेसेज केला, ‘दादा, सकाळी न वाचताच विचारलं. सॉरी. बाळाला खूप शुभेच्छा.’ त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, ‘अगं त्यात काय. आज पेटीबाहेर काढलं पाच मिनिटं. हातात घेतलं.’

सव्वा महिन्याने दादा ऑफिसला एक मोठा बॉक्स घेऊन आले. सगळे टेबलाभोवती जमले. झाकण उघडलं तर आत काजूकतली. अकाउंट्सच्या मावशी दादांकडे बघून म्हणाल्या, ‘हुशार आहेस.’ दादांनी फोन काढला आणि फोटो दाखवायला लागले, एकेकाला, स्वतःहून.