‘कुणाचीही नोकरी जाणार नाही’ हे वाक्य आधी खोडा

“कळवण्यास आनंद होतो की, येत्या सोमवारपासून आपल्या सर्व मीटिंगमध्ये एआय नोट-टेकर सुरू होत आहे. यामुळे सर्वांचा वेळ वाचेल आणि उत्पादकता वाढेल. हे टूल आपल्या मदतीसाठी आहे, कुणीही काळजी करू नये. कुणाचीही नोकरी जाणार नाही.”

आयटी कंपन्यांत असे मेल आता वरचेवर फिरतात. ते बहुतेक इंग्रजीत असतात, पण मजकूर थोड्याफार फरकाने हाच. मेल आला की, ज्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मॅनेजर नाही तिथे पहिला प्रश्न पडतो तो असा : नोकरीचा विषय काढला कुणी? तोवर बऱ्याच जणांच्या मनात ती शंका आलेलीही नसते. मेलनेच ती आणून दिली.

शंकेला जमीन तयार आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. हे एआयमुळे नाही, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले होते. तरी हिंजवडी आणि खराडीच्या कँटीनमध्ये दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलल्या गेल्या. शिवाय त्या कपातीचा भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. प्रोजेक्ट मॅनेजर त्याच फळीत बसतो. म्हणजे दिलासा देणाऱ्याची खुर्चीही तितकीच डळमळीत, आणि टीमला ते ठाऊक असते. नोकरभरती आणि कपात ज्याच्या हातात नाही, त्याने नोकरीची हमी देऊ नये. दिली तर मेलमधल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मग मेलमध्ये लिहायचे काय? आधी हिशेब करायचा, तोही माणसागणिक.

समजा, अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे काम पुण्यात बसून करणारी चौदा जणांची टीम आहे. आठवड्याला तीन मीटिंग अशा असतात की, त्यांचे मिनिट्स ऑफ मीटिंग, म्हणजे सगळे ज्याला ‘एमओएम’ म्हणतात ते, लिहावेच लागतात. हे काम टीममधल्या ज्युनियर बिझनेस ॲनालिस्टकडे आहे. प्रत्येक एमओएमला तिला पाऊण तास लागतो, आठवड्याचे झाले सव्वादोन तास. टूल आल्यावर मसुदा आयता मिळेल, पण तो तपासायला पंधरा मिनिटे जातील, म्हणजे आठवड्याला पाऊण तास. तिचा दीड तास वाचला. दीड तासासाठी कुणी कुणाला काढत नाही. हा हिशेब मेलमध्ये जसाच्या तसा लिहिला तर वेगळ्या दिलाशाची गरज उरत नाही.

पण त्याच मजल्यावर प्रोजेक्ट ऑफिसचा एक को-ऑर्डिनेटर बसतो आणि अशाच दहा प्रोजेक्टचे एमओएम तो एकटा लिहितो. त्याचे आठवड्याला साडेबावीस तास त्यात जातात. टूल आल्यावर उरतील साडेसात. पंधरा तास मोकळे, म्हणजे आठवड्यातले जवळपास दोन दिवस. टूल तेच, पण ॲनालिस्टचा कंटाळवाणा भाग कमी झाला आणि को-ऑर्डिनेटरच्या पदाचा एक मोठा तुकडा गेला. चौदा जणांना एकच वाक्य पाठवून दोघांची समजूत निघणार नाही. ज्याचे काम खरोखर हलणार आहे, त्याला मेल जाण्याआधी प्रत्यक्ष भेटायला हवे आणि त्या पंधरा तासांत तो काय करणार, हे त्याच्या वरिष्ठांकडून ठरवून घ्यायला हवे. तसे ठरले नसेल तर मेल आठवडाभर थांबलेला बरा.

टूल नेमके काय करते, हेही टीमला कळायला हवे, कारण निम्मी भीती तिथूनच येते. टूल तीन कामे करते. आवाजाचा मजकूर करते, कोणते वाक्य कोणाचे ते ठरवते आणि शेवटी त्या मजकुराचा सारांश काढून कामांची यादी देते. तिन्ही ठिकाणी ते चुकते, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

मजकूर करताना अडचण येते ती आपल्या बोलण्याची. पुण्यातली मीटिंग मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातच चालते. भाषा इंग्रजी निवडलेली असेल तर मधली मराठी वाक्ये गळतात किंवा त्यांच्या जागी भलतेच इंग्रजी शब्द बसतात. काही वेळा न बोललेले वाक्यही उगवते. ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’ या आवाज ओळखणाऱ्या मॉडेलवर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनितुकड्यांत अशी मनची वाक्ये सापडली. बोलण्यात लांब विराम असलेल्यांच्या बाबतीत ती जास्त होती.

कोण बोलले हे ओळखताना घोळ होतो तो कॉन्फरन्स रूममध्ये. प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवरून जोडला असेल तर नाव लागते. सहा जण एकाच मायक्रोफोनभोवती बसले, तर सगळ्यांचे बोलणे खोलीच्या नावावर जमा होऊ शकते किंवा एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जाते.

सर्वांत महागात पडते ती सारांशातली चूक, कारण तो मजकूर वाचायला स्वच्छ आणि खात्रीचा वाटतो. टेस्टर म्हणतो, “क्लायंटने बुधवारपर्यंत डेटा दिला आणि सर्व्हर मोकळा मिळाला, तर शुक्रवारी टेस्टिंग संपवता येईल.” सारांशात येते, ‘टेस्टिंग शुक्रवारी पूर्ण होईल’, आणि पुढे त्याचे नाव. दोन्ही अटी गळाल्या आणि शक्यतेचे वचन झाले. हा एमओएम तसाच क्लायंटला गेला तर सोमवारी उत्तर टेस्टरला द्यावे लागते. सारांश तपासणाऱ्याने आधी तारखा, आकडे आणि नावे पाहायची. प्रत्येक तारखेमागे एखादी अट होती का, हे मूळ मजकुरात शोधायचे. हे तोच करू शकतो ज्याला प्रोजेक्ट कळतो. ॲनालिस्टची गरज इथे आहे, आणि मेलमध्ये तिची जबाबदारी याच शब्दांत लिहायला हवी.

नोकरीच्या भीतीच्या पोटात आणखी एक भीती असते, ती सहसा बोलून दाखवली जात नाही. कोण किती बोलले, कोणाचे काम किती वेळा मागे पडले, हे सगळे आता साठून राहणार आणि अप्रेझलच्या वेळी बाहेर निघणार. ही भीती हवेतली नाही. मीटिंगमध्ये कोण किती वेळ बोलले याची टक्केवारी काही टूल देतात. कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीशी निगडित कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीवाचूनही वापरण्याची मुभा मालकाला ठेवलेली आहे. म्हणून बंधन लेखी हवे, आणि ते मॅनेजरने एचआरकडून मेलआधी मिळवलेले हवे. क्लायंटचेही तसेच. कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषण रेकॉर्ड करायला सर्व सहभागींची संमती लागते. तिथला माणूस कॉलवर असेल तर आधी परवानगी, मग टूल.

एवढी तयारी झाली की मेल आखूड होतो आणि त्यात विशेषणे उरत नाहीत. तो साधारण असा असेल :

“नमस्कार मंडळी,

येत्या सोमवारपासून चार आठवडे आपण तीन मीटिंगमध्ये एआय नोट-टेकर वापरून पाहणार आहोत : सोमवारचे नियोजन, बुधवारचा आढावा आणि, क्लायंटची लेखी परवानगी आली तरच, गुरुवारचा कॉल. वन-ऑन-वन, अप्रेझल आणि तक्रारीच्या बैठकांत ते बंद राहील. इतर वेळीही कुणी ‘बंद करा’ म्हटले तर बंद होईल, कारण विचारले जाणार नाही.

टूल मसुदा देईल. आपली ॲनालिस्ट तो तपासेल आणि तिने पाहिल्याशिवाय एमओएम बाहेर जाणार नाही. आपल्या नावावरचे काम चुकीचे वाटले तर २४ तासांत दुरुस्त करून घ्या. तिचा आठवड्याला सुमारे दीड तास वाचेल. त्या वेळात ती क्लायंटच्या गरजा लिहिण्याचे काम शिकेल, हे तिच्याशी बोलून ठरले आहे.

रेकॉर्डिंग ३० दिवसांनी पुसले जाईल. कोण किती बोलले याचे आकडे आपण बंद केले आहेत. या नोंदी अप्रेझलसाठी वापरल्या जाणार नाहीत, हे एचआरने लेखी दिले आहे. ते पत्र सोबत जोडले आहे.

नोकऱ्यांबद्दल : या टूलमुळे आपल्या टीममधली एकही जागा कमी करण्याचा प्रस्ताव मी दिलेला नाही आणि माझ्याकडे तसा आलेलाही नाही. कंपनीच्या पुढच्या निर्णयांची हमी मी देऊ शकत नाही. आपल्या टीमबद्दल काही बदल माझ्या कानावर आला आणि सांगण्याची मुभा असली, तर मी तो स्वतः भेटून सांगेन.

चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी बसून टूल ठेवायचे की काढायचे ते ठरवू.”

नोकरीच्या परिच्छेदात प्रत्येक वाक्य पडताळता येण्याजोगे आहे, आणि हमी देता येत नाही हेही त्यातच सांगितले आहे. ऐकायला ते पहिल्या मेलइतके गोड नाही. पण सहा महिन्यांनी कंपनीने खरोखर कपात केली, तरी हा मॅनेजर खोटा ठरत नाही आणि त्याच्या पुढच्या मेलवर टीम विश्वास ठेवू शकते.

मेल गेल्यानंतर तो लागू पडला की नाही हे टीमच्या वागण्यावरून ओळखता येते. मीटिंगमध्ये सगळे जपून बोलू लागले आणि खरी चर्चा कॉल संपल्यावर चहाच्या टपरीवर होऊ लागली, तर पाळत ठेवली जात असल्याची भीती गेलेली नाही. मग एमओएम कितीही नेटका निघाला तरी त्यात निर्णय सापडणार नाहीत.

दुसरी खूण दुरुस्त्यांची. पहिल्या आठवड्यात दहा-बारा दुरुस्त्या आल्या तर चांगले, लोक वाचताहेत. दुसऱ्याच आठवड्यात एकही आली नाही तर टूल सुधारले असे समजू नये. वाचणे थांबले असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मॅनेजरने स्वतः एक रेकॉर्डिंग उघडून एमओएमशी पडताळून पाहावे.

तिसरी खूण चौथ्या शुक्रवारी पाहायची. ॲनालिस्टने क्लायंटच्या गरजा लिहायला खरोखर सुरुवात केली का, आणि को-ऑर्डिनेटरच्या पंधरा तासांत ठरलेले काम आले का? तो वेळ नुसत्या आणखी मीटिंगनी भरला असेल किंवा रिकामाच राहिला असेल, तर टीम त्याचा अर्थ स्वतःच लावेल. तो बदलायला दुसरा मेल पुरणार नाही.