एका मताने मिळालेली पेन्शन

१४ मे १९५९ रोजी स्वीडनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एका पेन्शन विधेयकावर मतदान होतं. सभागृह २३१ जणांचं. सभापती सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट पक्षाचे होते आणि त्यांना मताचा अधिकार नव्हता. उरलेल्यांत विधेयकाच्या बाजूने ११५ आणि विरोधात ११४ मतं पडली. विरोधी उदारमतवादी पक्षाचे तूरे कोनिगसोन तटस्थ राहिले, म्हणून हा निकाल लागला. ते मूळचे कामगार. स्वतःच्या पक्षाचा हुकूम त्यांनी मानला नाही.

म्हातारपणी प्रत्येकाला ठराविक रक्कम देणारी पेन्शन स्वीडनमध्ये आधीपासूनच होती. नव्या विधेयकाने तिच्यावर दुसरा थर चढवला. ज्याचा पगार जास्त, त्याची पेन्शनही जास्त. समाजवादी म्हणवणाऱ्या पक्षाने मोठ्या पगारवाल्यांना मोठी पेन्शन का द्यावी? वरवर ही तत्त्वांना दिलेली सोडचिठ्ठीच. पण हिशेब पक्का होता. कारकून, शिक्षक, इंजिनिअर यांना सरकारी पेन्शन तुटपुंजी वाटली, तर ते खासगी विम्याकडे वळणार आणि कर भरताना कुरकुर करणार. त्यांनाही त्यातच भरपूर मिळालं, तर तेच लोक या व्यवस्थेचे राखणदार होणार.

कल्याणकारी राज्यांची तुलना करताना आपण बहुधा आकड्यांपासून सुरुवात करतो. फ्रान्सचा सरकारी सामाजिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरियाचा त्याच्या निम्म्यावर. हे आकडे खरे, पण ते फसवतातही. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये पेन्शनवर आयकर लागतो, म्हणजे सरकार एका हाताने देतं आणि दुसऱ्याने काढून घेतं. अमेरिकेत आजारपणाचा मोठा भार कंपन्यांनी काढलेल्या खासगी विम्यावर आहे. तो सरकारी खर्चात दिसत नाही, तरी तो पैसा जातोच. करांची वजावट केली आणि खासगी खर्च मिळवला, तर अमेरिका थेट फ्रान्सच्या खालोखाल येऊन बसते. तेव्हा किती खर्च होतो, यापेक्षा तो कोणामार्फत आणि कोणासाठी होतो, तिथे खरा फरक आहे.

डॅनिश अभ्यासक गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० साली याचीच तीन घराणी मांडली: गरजूंपुरती मदत देणारं इंग्रजी-अमेरिकी वळण, नोकरीशी बांधलेलं जर्मन वळण, आणि नागरिक म्हणून सगळ्यांना देणारं स्कँडिनेव्हियन वळण. वर्गवारी सोयीची आहे. पण ही घराणी कुणी आराखडा काढून बसवलेली नाहीत. कायदा झाला तेव्हा कोणाचं मत लागत होतं, त्यावर ती ठरली.

जर्मनीत ते मत कामगारांचं होतं, किंवा त्यांची भीती होती म्हणा. बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या संघटनांवर आणि सभांवर बंदी घातली, आणि मग १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये म्हातारपणाचा विमा आणला. राज्याने स्वतः पैसा घालावा, म्हणजे कामगार राज्याशी बांधील राहील, असा त्याचा मूळ बेत होता. संसदेने अपघात विम्यासाठी तो पैसा नाकारला. आजारपणाच्या विम्याचे दोन तृतीयांश कामगाराने आणि एक तृतीयांश मालकाने भरायचे ठरले. याची गंमत पुढे दिसली. जो जास्त भरतो त्याला विमा मंडळात जास्त जागा. त्यामुळे ज्यांना संपवायचं होतं, त्याच समाजवाद्यांना या मंडळांवर पाय रोवायला जागा मिळाली. दुसरा परिणाम अधिक खोल होता. हक्क नोकरीतून आला, म्हणून प्रत्येक पेशाने आपली चूल वेगळी मांडली. कचेरीतल्या नोकरदारांसाठी १९११ साली स्वतंत्र पेन्शन कायदाच झाला.

स्वीडनमध्ये कामगारांचा विषय १८८४ साली संसदेत आला, पण तिथे बहुमत होतं शेतकऱ्यांचं. कारखान्यातल्या माणसासाठी आम्ही कर का भरायचा, हा त्यांचा सरळ सवाल. गावातल्या निराधार म्हाताऱ्यांना पोसण्याचा बोजा आधीच त्यांच्या स्थानिक करांवर होता. पेन्शन आणायची तर सगळ्यांना, शेतकऱ्यालाही, असा आग्रह धरूनच ते बसले. १९१३ चा कायदा त्यामुळे जवळपास सगळ्या स्त्री-पुरुषांना लागू झाला. रक्कम क्षुल्लक होती, पण व्याप्ती जगात पहिली. ज्या सर्वसमावेशकतेचं श्रेय आज समाजवाद्यांना दिलं जातं, तिचा पाया शेतकऱ्यांच्या चिकट व्यवहाराने घातला, हे मला या इतिहासातलं सर्वात बोलकं प्रकरण वाटतं. १९३३ च्या मंदीत पुन्हा तेच झालं. सोशल डेमोक्रॅटांनी शेतमालाला भाव देणं मान्य केलं, शेतकरी पक्षाने बेकारांना बाजारभावाच्या मजुरीवर काम देणं मान्य केलं. स्वीडिश लोक या सौद्याला ‘गुरांचा बाजार’ म्हणतात. या साखळीची पुढची कडी म्हणजे १९५९. शेतकरी घटले होते, म्हणून या वेळी पांढरपेशांना सोबत घेतलं.

असा सौदा आपणही केलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना राज्यभर नेली. तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा केला शहरी नोकरदारांवर लावलेल्या व्यवसाय करातून, आणि तेवढीच भर राज्याने घालायची. ग्रामीण मजुराला मागेल तेव्हा काम मिळालं. बागायतदाराला पाझर तलाव आणि रस्ते मिळाले. शहराला गावाकडून येणारे लोंढे थोपल्याचा दिलासा मिळाला. तीन बाजू जुळल्या, म्हणून कायदा झाला.

पण इथे एक फट राहिली, जी स्वीडनने बुजवली होती. कर भरणाऱ्याला योजनेतून स्वतःसाठी काहीच मिळत नव्हतं. परीक्षा आली १९८८ साली. किमान वेतन दुप्पट झालं आणि हमीची मजुरीही त्याबरोबर वाढली. खर्च दुप्पट व्हायला हवा होता. तसं न होता कामंच कमी निघू लागली. मागेल त्याला काम देणारी योजना, असेल तेवढं काम वाटणारी झाली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासाने हे हजेरीच्या आकडेवारीतून दाखवलं. पगारातून कर कापला जाणाऱ्या शहरी माणसाला याची झळ बसली नाही, म्हणून त्याने आवाजही उठवला नाही.

नव्वदच्या दशकात स्वीडनचीही तिजोरी आटली आणि १९५९ ची पेन्शन पुन्हा बांधावी लागली. पण तिथे प्रत्येक मतदार भावी पेन्शनर होता. पाच पक्ष एका टेबलाशी बसले, १९९४ मध्ये तत्त्वं ठरली, १९९८ मध्ये कायदे झाले. कपात झाली, पण ती उघड, हिशेब मांडून आणि सगळ्यांच्या वाट्याला.

वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे यांनी १९९८ साली श्रीमंत देशांचा ताळेबंद मांडला, तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं: जिथे मदत फक्त गरिबांपुरती राखली, तिथे विषमता कमी घटली. पुढच्या संशोधकांना हा संबंध नंतरच्या काळात सैल झालेला दिसला, तेव्हा तो नियम समजू नये. तरीही ‘फक्त गरजूंसाठी’ म्हणून एखादी योजना जाहीर झाली, की वाचकांनी एवढं जरूर पाहावं: तिचे पैसे भरणारा कोण आहे, आणि उद्या ती बंद पडली तर त्याला कळेल तरी का?