अमोनियाची एक इलेक्ट्रॉन जोडी आणि तिचे दोन दावेदार

संयुग्मी आम्ल-आम्लारी जोडी ओळखायची कसोटी एकच आहे. जोडीतल्या दोन कणांमध्ये नेमका एका प्रोटॉनचा, म्हणजे एका H⁺ चा फरक असला पाहिजे. NH₄⁺ मधून एक H⁺ काढला की NH₃ उरतो, म्हणून ही जोडी. H₂O मधून एक H⁺ गेला की OH⁻ उरतो, म्हणून तीही जोडी. कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचे लाउरी यांनी 1923 साली स्वतंत्रपणे मांडलेल्या व्याख्येचा हा गाभा आहे: आम्ल प्रोटॉन देते, आम्लारी तो घेते. प्रोटॉन हललाच नाही, तर संयुग्मी जोडी शोधणे व्यर्थ. अशा अभिक्रियेत जोडी नसतेच, आणि परीक्षेत ओढूनताणून लावलेली जोडी चुकीचीच ठरते.

तरीही प्रोटॉन न हलणाऱ्या कितीतरी अभिक्रिया आम्ल-आम्लारी अभिक्रियाच असतात. त्याच 1923 साली अमेरिकेत बर्कलीच्या गिल्बर्ट लुईस यांनी नजर प्रोटॉनवरून इलेक्ट्रॉनांकडे वळवली. नवा बंध जुळवण्यासाठी इलेक्ट्रॉनांची जोडी पुरवणारा कण ही लुईस आम्लारी, आणि ती जोडी सामावून घेणारा कण हे लुईस आम्ल. या दोन व्याख्यांमधला फरक पाहायला बारावीच्या प्रयोगशाळेतली एक परीक्षानळी पुरते.

मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे. आधी फिकट निळसर साका पडतो. थेंब पडत राहिले की तो विरघळतो आणि नळीत गडद, शाईसारखे निळे, स्वच्छ द्रावण तयार होते. तांब्याचा आयन ओळखण्याची ही नेहमीची चाचणी आहे. दोन्ही टप्प्यांत घातलेला पदार्थ एकच असला, तरी प्रत्येक टप्प्यात तो वेगळे काम करतो.

साका पडतो तो या अभिक्रियेमुळे:

NH₃ + H₂O ⇌ NH₄⁺ + OH⁻

इथे पाण्याचा एक प्रोटॉन अमोनियाकडे जातो. NH₄⁺/NH₃ आणि H₂O/OH⁻ अशा दोन जोड्या सरळ सापडतात. तयार झालेले OH⁻ तांब्याच्या आयनांशी जुळतात आणि साका खाली बसतो. तो निव्वळ कॉपर हायड्रॉक्साइडचा नसतो, त्यात सल्फेटही मिसळलेले असते, पण इथल्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.

गडद रंगाची अभिक्रिया अशी लिहितात:

Cu²⁺ + 4NH₃ → [Cu(NH₃)₄]²⁺

आता हायड्रोजनांचा हिशेब करावा. डावीकडे प्रत्येक नायट्रोजनला तीन हायड्रोजन होते, उजवीकडेही तीनच आहेत. अमोनियाचा रेणू अख्खाच्या अख्खा तांब्याला जाऊन चिकटला. कोणतेही दोन कण घेतले तरी त्यांत एका H⁺ चा फरक निघत नाही, म्हणून इथे संयुग्मी जोडी नाही. मग पुढचा प्रश्न विचारायचा: नवा बंध कोणता आणि त्यातले इलेक्ट्रॉन कुणाचे? नवा बंध तांबे आणि नायट्रोजन यांच्यात आहे. नायट्रोजनवर बंधात न गुंतलेली एक एकाकी जोडी असते आणि बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन तिचेच. तांब्याच्या धन आयनाकडे रिकाम्या कक्षा आहेत आणि तो ही जोडी सामावून घेतो. म्हणून NH₃ लुईस आम्लारी, तर Cu²⁺ लुईस आम्ल.

हे समीकरण सोयीसाठी आटोपशीर केलेले असते. पाण्यात Cu²⁺ उघडा कधीच नसतो. पाण्याचे रेणू ऑक्सिजनवरच्या एकाकी जोड्यांनी त्याला आधीच बांधलेले असतात, म्हणजे पाणीही तिथे लुईस आम्लारीच असते. नळीत खरे घडते ते असे की अमोनिया चार पाण्यांना हटवून त्यांची जागा घेतो, कारण तांब्याशी त्याचा बंध जास्त घट्ट बसतो. रंग गडद होतो तो या बदलामुळेच.

याच नळीत विरल सल्फ्युरिक आम्ल हळूहळू घातले, की गडद निळा रंग ओसरतो, मध्येच साका पुन्हा दिसू शकतो आणि शेवटी मूळचा फिकट निळा रंग परततो. H⁺ ने अमोनियाची तीच एकाकी जोडी पकडली, NH₄⁺ तयार झाला आणि तांबे मोकळे झाले. अमोनियाकडे जोडी एकच असल्यामुळे ती प्रोटॉनला दिली की तांब्याला देता येत नाही. दोन्ही व्याख्यांचा संबंध इथे डोळ्यांना दिसतो: इलेक्ट्रॉन जोडी घेणारा H⁺ हेही एक लुईस आम्लच आहे. ब्रॉन्स्टेड-लाउरी अभिक्रिया म्हणजे लुईसच्या मोठ्या वर्तुळातला प्रोटॉनपुरता भाग.

विद्यार्थी सर्वांत जास्त फसतात ते समीकरणात हायड्रोजन दिसतो पण हलत नाही तिथे. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, त्यातली पहिली पायरी अशी:

CO₂ + OH⁻ → HCO₃⁻

डावीकडे OH⁻ आणि उजवीकडे हायड्रोजनसकट HCO₃⁻ पाहून प्रोटॉन गेला असे वाटते. पण हायड्रोजन ज्या ऑक्सिजनवर होता त्याच ऑक्सिजनवर राहिला आहे, तो ऑक्सिजनच कार्बनला जोडला गेला. CO₂ आणि HCO₃⁻ यांच्यात H⁺ चा नव्हे, अख्ख्या OH⁻ चा फरक आहे, म्हणून ती संयुग्मी जोडी नाही. ऑक्सिजनने जोडी दिली म्हणून OH⁻ लुईस आम्लारी, आणि कार्बनने घेतली म्हणून CO₂ लुईस आम्ल. कार्बनवर रिकामी जागा वरवर दिसत नाही, ती करावी लागते: एका दुहेरी बंधातले दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सरकतात आणि सरळ रेषेतला CO₂ वाकतो. लुईस आम्ल शोधताना फक्त रिकाम्या कक्षा बघून भागत नाही, ते इथे कळते.

लगेच पुढच्या पायरीत मात्र प्रोटॉन खरोखर हलतो:

HCO₃⁻ + OH⁻ → CO₃²⁻ + H₂O

इथे HCO₃⁻/CO₃²⁻ आणि H₂O/OH⁻ या जोड्या निर्विवाद आहेत. त्यानंतर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार होऊन निवळी गढुळते. अमोनिया आधी प्रोटॉन घेऊन मग धातूला बांधतो, तर इथे OH⁻ आधी कार्बनला बांधला जातो आणि मग प्रोटॉन घेतो. म्हणून हा निवाडा पदार्थाच्या नावावरून करता येत नाही, एकेक पायरी घेऊनच करावा लागतो.

लुईसच्या व्याख्येलाही मर्यादा आहे. इलेक्ट्रॉन दिसले की ती लागू होते असे नाही. मोरचुदाच्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवली की तिच्यावर लालसर तांबे चढते. जस्ताचे दोन इलेक्ट्रॉन Cu²⁺ कडे जातात, म्हणून जस्त ही लुईस आम्लारी असे म्हणण्याचा मोह होतो. पण इथे जोडी दोघांत वाटून नवा बंध जुळलेला नाही. इलेक्ट्रॉन जस्ताला कायमचे सोडून गेले, जस्ताचा ऑक्सिडीकरणांक 0 वरून +2 झाला आणि तांब्याचा +2 वरून 0. अमोनियाच्या नळीत तांबे शेवटपर्यंत +2 च राहते. ऑक्सिडीकरणांक असे बदलले, की ती आम्ल-आम्लारी अभिक्रिया नसून रेडॉक्स अभिक्रिया असते.